धर्माचे तत्त्वज्ञान: एकशे ऐंशी मिनिटे आणि एकोणीस उत्तरे

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत ‘तत्त्वज्ञान’ हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांमध्ये बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातील मराठी माध्यमाचे विद्यार्थीही असतात. अभ्यासक्रम आटोपशीर असतो, उत्तरे मराठीतून लिहिता येतात आणि दुसऱ्या प्रश्नपत्रिकेचा अर्धा भाग धर्माचा असतो. ईश्वराचे अस्तित्व, आत्मा आणि मोक्ष, श्रद्धा आणि बुद्धी, धार्मिक अनुभव हे शब्द कीर्तन-प्रवचनांतून किंवा बस्तीतील स्वाध्यायातून लहानपणापासून कानावर पडलेले असतात. त्यामुळे हा भाग सोपा वाटतो. मात्र परीक्षेच्या दालनात वेळेचा हिशेब पुष्कळदा याच भागात चुकतो. त्याचे कारण उमेदवाराच्या अज्ञानात शोधण्यापेक्षा प्रश्नपत्रिकेच्या रचनेत आणि मनाच्या ओढीत शोधावे लागते.

प्रश्नपत्रिकेची बांधणी

दुसरी प्रश्नपत्रिका २५० गुणांची आणि तीन तासांची असते. तिचे दोन विभाग असतात. विभाग ‘अ’ सामाजिक व राजकीय तत्त्वज्ञानाचा आणि विभाग ‘ब’ धर्माच्या तत्त्वज्ञानाचा. प्रत्येक विभागात चार, म्हणजे एकूण आठ प्रश्न असून त्यांपैकी पाच सोडवायचे असतात. विभाग ‘अ’मधील पहिला आणि विभाग ‘ब’मधील पाचवा प्रश्न अनिवार्य असतो. उरलेले तीन प्रश्न उमेदवाराने निवडायचे, पण त्यांत प्रत्येक विभागातील किमान एक असलाच पाहिजे. म्हणजे धर्माच्या विभागातून किमान १०० आणि कमाल १५० गुणांचे लेखन करावे लागते. हा विभाग टाळता येत नाही आणि केवळ त्याच्या बळावर प्रश्नपत्रिका पूर्णही होत नाही.

प्रत्येक प्रश्न ५० गुणांचा असतो. अनिवार्य प्रश्नात प्रत्येकी १० गुणांचे पाच उपप्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे सुमारे १५० शब्दांत मागितलेली असतात. अन्य प्रश्नांत साधारणपणे २०, १५ आणि १५ गुणांचे तीन उपप्रश्न असतात. दोन अनिवार्य प्रश्नांची दहा उत्तरे आणि निवडलेल्या तीन प्रश्नांची नऊ, अशी एकूण एकोणीस उत्तरे लिहायची असतात. ‘पाच प्रश्न सोडवायचे आहेत’ असे म्हणत बसलेला उमेदवार आणि ‘एकोणीस उत्तरे लिहायची आहेत’ हे मनाशी धरून बसलेला उमेदवार यांच्या पहिल्या अर्ध्या तासातच फरक दिसू लागतो.

१८० मिनिटे २५० गुणांवर वाटली, तर एका गुणाला सुमारे ४३ सेकंद येतात. १० गुणांच्या उत्तराला सव्वासात मिनिटांच्या आत, १५ गुणांच्या उत्तराला अकरा मिनिटांच्या आत आणि २० गुणांच्या उत्तराला साडेचौदा मिनिटांच्या आत वेळ मिळतो. प्रश्न वाचणे, निवडणे, विचार करणे, पान उलटणे हे सर्व याच मिनिटांत बसवायचे असते.

पहिल्या उत्तराचा मोह

चिंताग्रस्त उमेदवाराची नेहमीची चूक म्हणजे सुरुवातीच्या उत्तरांना दिलेला जादा वेळ. अनिवार्य प्रश्न प्रथम लिहिला जातो. त्यातला एखादा उपप्रश्न उत्तम येत असतो, आणि ‘निदान एवढे तरी परिपूर्ण होऊ दे’ या भावनेने सात मिनिटांच्या जागी दहा मिनिटे जातात. एका उत्तराला तीन मिनिटे जास्त गेली, यात काही वावगे वाटत नाही. पण दहाही छोट्या उत्तरांना प्रत्येकी दहा मिनिटे दिली, तर शंभर मिनिटे संपतात आणि हाती १०० गुणांचे लेखन असते. उरलेल्या ८० मिनिटांत १५० गुणांचे लेखन करायचे असते. पुढच्या दोन प्रश्नांना प्रत्येकी ३४ मिनिटे दिली, की शेवटच्या पन्नास गुणांच्या प्रश्नासाठी १२ मिनिटे उरतात. त्यात एखादे १५ गुणांचे उत्तर कसेबसे होते. ३५ गुणांची जागा कोरी राहते.

लाभ-हानीचा हिशेब उदाहरणादाखल असा मांडता येईल. दहा छोट्या उत्तरांवर जास्तीची तीन-तीन मिनिटे खर्च केल्याने प्रत्येकी अर्धा गुण वाढला असे धरले, तर लाभ पाच गुणांचा होतो. शेवटी कोऱ्या राहिलेल्या ३५ गुणांवर सामान्य प्रतीचे उत्तर लिहून चाळीस टक्के मिळाले असते असे धरले, तर हानी चौदा गुणांची होते. चांगल्या उत्तराला अधिक चांगले करणारी मिनिटे फार थोडे गुण आणतात, तर कोऱ्या जागेवर लिहिलेली पहिली चार वाक्ये सर्वाधिक गुण आणतात. वेळेच्या सर्व नियोजनाचा पाया या एका गोष्टीत आहे.

चौतीस मिनिटांचे पाच टप्पे

प्रत्येक प्रश्नाला ३६ मिनिटे दिली, तर १८० मिनिटे पूर्ण खर्च होतात आणि वाचनाला वा तपासणीला काहीच उरत नाही. म्हणून प्रश्नाला ३४ मिनिटे धरावीत. पाच प्रश्नांची १७० मिनिटे होतात आणि सुरुवातीस पाच, शेवटी पाच मिनिटे मोकळी राहतात. ३४ मिनिटांची विभागणीही सोपी आहे. २० गुणांच्या उत्तराला १४ मिनिटे आणि १५ गुणांच्या दोन उत्तरांना प्रत्येकी १० मिनिटे द्यावीत. अनिवार्य प्रश्नातील पाच उत्तरांना प्रत्येकी पावणेसात मिनिटांच्या आसपास वेळ येतो.

निपाणीची एक उमेदवार गृहीत धरावी. तिची प्रश्नपत्रिका दुपारी अडीच वाजता सुरू होते. २.३५ पर्यंत तिने आठही प्रश्न वाचून निवड केलेली असेल. विभाग ‘ब’ तिला अधिक जवळचा आहे, म्हणून पाचवा प्रश्न ती ३.०९ पर्यंत लिहील. त्यानंतर ३.४३ पर्यंत पहिला प्रश्न. येथे दोन्ही अनिवार्य प्रश्न पूर्ण झालेले असतील. ४.१७ पर्यंत विभाग ‘ब’मधील निवडलेला प्रश्न, ४.५१ पर्यंत विभाग ‘अ’मधील निवडलेला प्रश्न आणि ५.२५ पर्यंत कोणत्याही विभागातील पाचवा प्रश्न. उरलेल्या पाच मिनिटांत प्रश्नक्रमांक तपासणे आणि कोरी जागा रेघ मारून रद्द करणे.

या क्रमामागे कारण आहे. शेवटी वेळ कमी पडला, तर फटका ज्या प्रश्नाची निवड पूर्णपणे मोकळी आहे त्याला बसतो. अनिवार्य प्रश्न आणि ‘प्रत्येक विभागातील किमान एक’ ही अट तोवर पूर्ण झालेली असते. प्रश्न छापील क्रमाने लिहीत जाणाऱ्याच्या बाबतीत याच्या उलट घडते. धर्माचा विभाग छपाईत नंतर येतो, म्हणून तो थकलेल्या हाताने आणि उरल्यासुरल्या मिनिटांत लिहिला जातो.

३.०९, ३.४३, ४.१७, ४.५१ आणि ५.२५ या पाच वेळा पाठ असाव्यात. एकोणीस उत्तरांच्या एकोणीस वेळा लक्षात ठेवणे चिंतेत भर घालणारे ठरते, पाच सहज लक्षात राहतात. ठरलेली वेळ आली आणि उत्तर अपुरे असेल, तर चालू वाक्य पूर्ण करून चार-पाच ओळी मोकळ्या सोडाव्यात आणि पुढे जावे. शेवटच्या पाच मिनिटांत परत येता आले तर उत्तम, नाही तर ती जागा रेघ मारून रद्द करावी. परीक्षा दुसऱ्या वेळी सुरू होणार असेल, तर तेवढ्या फरकाने या पाच वेळा आदल्या दिवशी बदलून घ्याव्यात.

निवड दुबळ्या उपप्रश्नावरून

सुरुवातीच्या पाच मिनिटांतील निवड पुष्कळदा एका आवडत्या उपप्रश्नाकडे पाहून केली जाते. नमुन्यादाखल असे धरावे की सहाव्या प्रश्नात २० गुणांना अनिष्टाची समस्या आहे, १५ गुणांना धर्मभाषेचे बोधपर आणि अ-बोधपर स्वरूप आहे आणि १५ गुणांना धर्म व नीती यांचा संबंध आहे. सातव्या प्रश्नात २० गुणांना आत्म्याचे अमरत्व, १५ गुणांना ईश्वरविरहित धर्म आणि १५ गुणांना धार्मिक बहुविधता आहे. उमेदवाराला अनिष्टाची समस्या उत्तम येते, पण धर्मभाषेवर लिहायला काहीच नाही. सहाव्यात तिला ११, ० आणि ७ असे १८ गुण अपेक्षित धरता येतील. सातव्यात एकही उत्तर विशेष नसले, तरी ९, ६ आणि ७ मिळून २२ होतात. म्हणून प्रश्नाची निवड त्यातील सर्वांत दुबळा उपप्रश्न पाहून करावी. तीनही उपप्रश्नांवर प्रत्येकी चार मुद्दे सुचत असतील तो प्रश्न घ्यावा.

निवड मध्येच बदलल्यास एक धोका संभवतो. प्रश्नपत्रिकेवरील सूचनेनुसार सोडवलेले प्रश्न लिहिलेल्या क्रमाने मोजले जातात, आणि अर्धवट लिहिलेला प्रश्नही रेघ मारून रद्द केलेला नसेल तर सोडवलेला धरला जातो. सहाव्या प्रश्नाचे अर्धे पान लिहून सातव्याकडे वळलेल्या उमेदवाराने ते अर्धे पान स्पष्टपणे रद्द केले पाहिजे. तसे न केल्यास ते पाचांपैकी एक म्हणून मोजले जाऊ शकते आणि शेवटी लिहिलेला पूर्ण प्रश्न हिशेबाबाहेर राहू शकतो.

ओळखीच्या विषयाचा सापळा

राजकीय तत्त्वज्ञानाच्या विभागात उमेदवार सहसा बेतशीर लिहितो. ऑस्टिन, बोदँ किंवा कौटिल्य यांचे सार्वभौमत्वाविषयीचे विचार तो पाठ केलेल्या मुद्द्यांपुरते मांडतो. धर्माच्या विभागात मात्र लेखणी सैल सुटते. ‘धार्मिक अनुभवाचे स्वरूप’ असे शब्द दिसले, की वारकरी घरातील मुलगा संतांच्या भक्तीचे वर्णन करू लागतो. ‘ईश्वराशिवाय धर्म शक्य आहे का’ असा प्रश्न आला, की जैन कुटुंबातील मुलगी व्रते आणि पर्युषण यांवर अर्धे पान लिहिते. लिहिलेले खरे असते, पण प्रश्नाचा रोख दुसरा असतो.

धार्मिक अनुभवाच्या प्रश्नात त्या अनुभवाचे लक्षण आणि त्याचा विषय यांची चर्चा अपेक्षित असते. विल्यम जेम्स याने गूढ अनुभवाची चार लक्षणे सांगितली. तो अनुभव शब्दांत मावत नाही, त्यातून काही ज्ञान झाल्याची प्रतीती येते, तो अल्पकाळ टिकतो आणि अनुभवणारा त्यात निष्क्रिय असतो. या चार लक्षणांनंतर, असा अनुभव आपल्या विषयाचे अस्तित्व सिद्ध करतो का, हा प्रश्न यायला हवा. संतांचे उदाहरण येथे एका वाक्यात, पुरावा म्हणून शोभते. जैन दर्शनाच्या प्रश्नातही जगत्कर्ता ईश्वर नाकारूनही कर्म, आत्मा आणि मोक्ष यांच्या आधारे धर्म कसा उभा राहतो, हा युक्तिवाद महत्त्वाचा असतो.

वेळ कोठे वाहून जात आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. सलग तीन वाक्यांत ‘कारण’, ‘परंतु’, ‘यावर आक्षेप असा’ यांसारखा एकही सांधा नसेल, तर उत्तर युक्तिवाद सोडून वर्णनात शिरले आहे असे समजावे आणि तेथेच वळावे.

एका वीस गुणांच्या उत्तराची चौदा मिनिटे

अनिष्टाच्या समस्येवरील २० गुणांचे उत्तर घेऊन ही मिनिटे कशी वापरायची ते पाहता येईल. पहिली दोन मिनिटे आराखड्याला द्यावीत, म्हणजे समासात चार-पाच शब्द लिहावेत. पुढची तीन मिनिटे समस्येच्या मांडणीची. ईश्वर सर्वशक्तिमान आहे, परमकृपाळू आहे आणि तरीही जगात दुःख व दुष्टता आहे, ही तीन विधाने एकत्र कशी टिकतात? एपिक्युरसच्या नावे सांगितला जाणारा आणि ह्यूमने पुढे धारदार केलेला हा पेच आहे.

नंतरची सहा मिनिटे उत्तरांच्या परीक्षणाची. ऑगस्टीनच्या मते अनिष्ट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे आणि त्याचे मूळ इच्छास्वातंत्र्याच्या दुरुपयोगात आहे. जॉन हिक याच्या मते संकटांनी भरलेले जग आत्म्याच्या घडणीसाठी आवश्यक आहे. भारतीय बाजूने, ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य ईश्वरावरील पक्षपात आणि निर्दयता यांचा आरोप दूर करताना जीवांच्या कर्माची अपेक्षा पुढे करतात. प्रत्येक मताला दोन मिनिटे. त्यानंतरची दोन मिनिटे आक्षेपांची. भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तींना इच्छास्वातंत्र्य पुरे पडत नाही, अर्भकाच्या वेदनेत घडण कोणाची होते हे सांगता येत नाही आणि कर्माचा नियम ईश्वरावर बंधन घालतो की काय, ही शंका उरते. शेवटचे मिनिट निष्कर्षाचे. कोणते उत्तर तुलनेने टिकते आणि का, हे दोन वाक्यांत.

वेळ कमी असेल तर तीन मतांऐवजी दोन घ्यावीत, पण आक्षेप आणि निष्कर्ष वगळू नयेत. परीक्षण करण्यास सांगणाऱ्या प्रश्नात मतांची यादी देऊन थांबलेले उत्तर अर्धेच राहते.

माध्यमाचा हिशेब

सीमाभागातील उमेदवाराला वेळेचा आणखी एक खर्च असतो. प्रश्न हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत छापलेले असतात, आणि उत्तर अर्जात निवडलेल्या माध्यमातच लिहावे लागते. प्रवेशपत्रावर मराठी असेल तर इंग्रजीत लिहिलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत. शाळा मराठी, पदवी इंग्रजी किंवा कन्नड आणि प्रश्नाचे वाचन हिंदीतून, अशा स्थितीत प्रत्येक संज्ञेशी क्षणभर अडखळणे होते. हिंदीत ‘अशुभ की समस्या’ असे छापलेले असते. मराठीत ‘अशुभ’ म्हणजे अपशकुनी, त्यामुळे घाईत भलताच अर्थ मनात येऊ शकतो. धर्माच्या विभागातील चाळीसेक संज्ञांचे मराठी पर्याय आधीच ठरवून ठेवावेत आणि प्रश्न दोन्ही भाषांत वाचावा. तांत्रिक संज्ञेचे इंग्रजी रूप कंसात देण्याची मुभा नियमांत आहे. ती संज्ञेपुरतीच वापरावी.

शब्दमर्यादेचाही विचार हवा. पावणेसात मिनिटांतून विचाराचे एक मिनिट वजा केले, तर पावणेसहा मिनिटे उरतात. मिनिटाला वीस शब्द या वेगाने देवनागरीत सुमारे ११५ शब्द होतात. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जातात, त्यामुळे तेवढ्या शब्दांत इंग्रजीपेक्षा अधिक आशय मावतो. ११५ ते १२५ शब्दांचे नेमके उत्तर अपुरे ठरत नाही. १५० शब्द भरण्याच्या हट्टापायी पुढील उत्तराची मिनिटे खर्च करू नयेत.

सराव कोणत्या क्रमाने

प्रथम एक छोटे उत्तर घड्याळ लावून लिहावे, शब्द मोजावेत आणि स्वतःचा वेग ठरवावा. वेग मिनिटाला पंधरा शब्दांपेक्षा कमी भरला, तर उत्तरातील मुद्दे चारांवरून तीनांवर आणावेत, टप्प्याची वेळ वाढवू नये. दुसऱ्या पायरीवर ३४ मिनिटांत एक पूर्ण प्रश्न लिहावा आणि वेळ संपताच, वाक्य अर्धे असले तरी, लेखणी ठेवावी. कोणत्या उपप्रश्नाने दुसऱ्याची मिनिटे खाल्ली, हे अशा तीन-चार प्रश्नांनंतर कागदावर स्पष्ट दिसते.

तिसरी पायरी पुष्कळ जण गाळतात. वैकल्पिक विषयाच्या दोन्ही प्रश्नपत्रिका एकाच दिवशी असतात, पहिली सकाळी आणि दुसरी दुपारी. धर्माचा विभाग लिहायला घेतला जातो, तेव्हा हाताने त्या दिवशी तीन तास आधीच लिहिलेले असते. म्हणून दुसऱ्या प्रश्नपत्रिकेचा निदान एक सराव सकाळी पहिली प्रश्नपत्रिका लिहून त्याच दुपारी करावा. सकाळी ताज्या हाताने मिळालेला वेग दुपारी किती घटतो, हे त्यातून कळते. त्या घटलेल्या वेगावर एकोणीस उत्तरे बसत असतील, तर आखणी पक्की झाली असे समजावे. बसत नसतील, तर प्रत्येक उत्तरातील एक मुद्दा कमी करावा आणि उत्तरांची संख्या एकोणीसच ठेवावी.